पस्तीस सेकंदांची झडती

संहितेचा पहिला परिच्छेद माझ्याकडे आला तो असा:

«सन १९१३. गोदावरीच्या काठी, नाशिकच्या पवित्र भूमीत एका मराठी माणसाने इतिहास घडवला. दादासाहेब फाळके यांनी भारतातला पहिला चित्रपट बनवला, 'राजा हरिश्चंद्र'. चाळीस मिनिटांचा हा मूकपट पाहून लोक थक्क झाले. आज तुम्ही पाहताय ती त्याच चित्रपटाची दुर्मिळ दृश्यं.»

संगीत आणि श्वास धरून पस्तीस सेकंद. चौदा मिनिटांच्या माहितीपटाची ही सुरुवात, आणि तो ३० एप्रिलला, फाळक्यांच्या जयंतीला, दाखवायचा होता. आमची टोळी लहान आहे. लिहिणारा एक तरुण मुलगा, निवेदन करणाऱ्या ताई, संकलन करणारा एक मित्र आणि पडताळणीला मी. पैसे देणारी मंडळी नाशिकचीच, त्यामुळे 'नाशिकच्या पवित्र भूमीत' हे शब्द त्यांना वाचताक्षणी आवडले होते. परिच्छेद कानाला छान लागतो, हे मीही मान्य केलं. मग तो मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि जिथे जिथे चूक असू शकते, त्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली. साल, जागा, 'पहिला', मिनिटं, 'थक्क', आणि शेवटचं 'त्याच चित्रपटाची'. इतक्याशा मजकुरात सहा दावे, आणि सहाही एकाच ठाम सुरात म्हटलेले.

लेखकाला विचारलं, "हे कुठून घेतलं?" त्याने पाच दुवे पाठवले. "दादा, पाच ठिकाणी तेच आहे, म्हणजे पक्कंच ना?"

ही समजूत सगळ्यांचीच असते, माझीही होती. पाचही पानं शेजारी शेजारी उघडली. तिघांतली वाक्यं शब्दाला शब्द सारखी होती, आणि एका आडनावाची स्पेलिंगची चूकही तिघांत हुबेहूब. नक्कल ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. खरी माहिती दोन माणसं स्वतंत्रपणे मिळवू शकतात, पण एकच चूक दोघं स्वतंत्रपणे करत नाहीत. चौथ्या पानाने तळाशी दुसऱ्या पानाचं नाव दिलं होतं. उरलेल्या पाचव्याने आधारच दिला नव्हता. म्हणजे पाच साक्षीदार नव्हते, एकच माणूस पाच खिडक्यांतून डोकावत होता.

म्हणून आम्ही तक्ता केला. साधं स्प्रेडशीट. पहिल्या रकान्यात संहितेतलं वाक्य, दुसऱ्यात त्यातला एकच दावा, तिसऱ्यात तो कोण म्हणतंय आणि कोणत्या पानावर, चौथ्यात शेरा. माझ्या हट्टाने एक जादा रकाना घातला: 'किती वर्षांनी'. घटना घडल्यावर हे वाक्य किती वर्षांनी लिहिलं गेलं? वर्तमानपत्रातली जाहिरात त्याच आठवड्यातली असते. फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात स्वतःच्या उद्योगाबद्दल लिहिलं ते १९१७-१८ मध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांनी. इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली ती १९२७-२८ च्या चौकशीत, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांनी. आणि आमची पाच पानं शंभर वर्षांनंतरची. हा एक रकाना भरला की अर्धे वाद आपोआप मिटतात, कारण कुणाच्या शब्दावर किती भार टाकायचा ते डोळ्यांना दिसतं.

साल आणि 'पहिला' लवकर निपटले. 'राजा हरिश्चंद्र'चा जाहीर खेळ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. त्यामुळे साल बरोबर, फक्त 'प्रदर्शित' म्हणायचं की 'बनवला' ते ठरवायचं होतं, कारण कामाची सुरुवात १९१२ मधली आहे. 'पहिला' या शब्दाला मात्र नाम जोडल्याशिवाय अर्थच नाही. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन परदेशी होता आणि फिल्म धुतली गेली लंडनला. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्ती चित्रित केली होती. म्हणून 'भारतातला पहिला चित्रपट' काढून 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' लिहिलं. लेखक थोडा हिरमुसला. 'पूर्ण लांबीचा' हे शब्द त्याला रुक्ष वाटले. आहेतच. पण तोरण्यांचं नाव घेऊन कुणी बोट ठेवलं, तर हेच दोन शब्द आपल्याला वाचवतात.

खरी अडचण जागेची होती.

'राजा हरिश्चंद्र' नाशिकला झाला नाही. तो मुंबईत झाला, दादरला, आणि बाहेरची दृश्यं वांगणीला. ढाल-तलवारी घेतलेली नटमंडळी गावात शिरली तेव्हा वांगणीकरांना ते दरोडेखोर वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, हा किस्सा फाळक्यांच्या चरित्रांत सापडतो. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० मध्ये, आणि वारले नाशिकला, १६ फेब्रुवारी १९४४ ला. पण ते कामासाठी नाशिकला आले 'हरिश्चंद्र' चालल्यानंतर. त्यांचे पुढचे चित्रपट इथले. म्हणजे सुरुवातीच्या वाक्यातली 'गोदावरीच्या काठी' ही सगळ्यात आवडती जागाच खोटी निघाली.

"पण दादा, सगळं नाशिक म्हणतं की इथे शूटिंग झालं!" लेखक म्हणाला.

"सगळं नाशिक म्हणजे कोण?"

त्याने पंचवटीतल्या एका काकांचं नाव सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे आजोबा फाळक्यांच्या कंपनीत सुतारकाम करत आणि 'हरिश्चंद्र'चे सेट त्यांनी ठोकले होते, असं घरात सांगत आले आहेत. काकांकडे एक फोटोही होता.

आम्ही गेलो. फोटो तळहाताएवढा, कडा कुरतडलेल्या. मुकुट घातलेला एक माणूस, शेजारी साडीतली व्यक्ती, मागे रंगवलेल्या पडद्यासारखं काहीतरी आणि कोपऱ्यात अर्धवट दिसणारा एक उघडा माणूस, हातात फळी. काकांनी बोट ठेवलं, "हे आमचे आजोबा." मागे लिहिलं होतं: 'हरिश्चंद्र. नाशिक.' साल नाही.

लेखकाचे डोळे चमकले. मी फोटो उजेडात तिरका धरला. अक्षरांची रेघ निळी, जाडी सगळीकडे सारखी, आणि वळणांवर शाईचे बारीक गोळे साचलेले. बॉलपेन. बॉलपेन बाजारात आलं ते १९४० च्या दशकात, आणि आपल्याकडे घरोघरी पोचायला आणखी वेळ लागला. म्हणजे मजकूर फोटोच्या वेळचा असूच शकत नव्हता.

"काका, हे अक्षर कुणाचं?"

त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं. "आईचं. ती मागे लिहून ठेवायची, पुढच्या पोरांना कळावं म्हणून."

आई म्हणजे त्या आजोबांची सून. तिने ऐकलेलं लिहिलं. तक्त्यात नोंद अशी झाली: दावा, 'हरिश्चंद्रचं काम नाशिकला'. कोण म्हणतं, कुटुंबातली आठवण, दुसऱ्या पिढीने लिहिलेली. किती वर्षांनी, किमान तीस. शेरा, पिवळा. पिवळा म्हणजे खोटं नव्हे. पिवळा म्हणजे एकाच तोंडचं, त्यावर एकट्यावर वाक्य उभं करायचं नाही.

माणसासमोर बसून त्याच्या आजोबांना खोटं पाडणं मला जमत नाही, आणि तसं पाडायची गरजही सहसा नसते. तोंडी आठवणीत साल आणि नावं घसरतात, पण माणूस काय करत होता ते बहुधा टिकतं. सुताराने फळी ठोकली हे खरं असणार. कुठल्या चित्रपटासाठी, हा प्रश्न होता. काकांना एवढंच विचारलं, की आजोबा कोणत्या साली कामाला लागले? "ते नाही सांगता येणार. पण माझ्या आत्याच्या जन्माच्या वेळी ते फाळक्यांकडे होते." आत्याचा जन्म? "प्लेगच्या नंतर, आणि मानमोडीच्या आधी." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. नाशिककडच्या जुन्या माणसांना विचारताना इसवी सन विचारू नये, साथ, दुष्काळ, पूर विचारावा. साल त्यातून निघतं.

१९१८ च्या आधी आणि फाळके नाशिकला आल्यानंतर. एवढी चौकट घेऊन आम्ही परतलो आणि सगळ्यात निरुपद्रवी वाटणाऱ्या शेवटच्या वाक्याकडे वळलो: 'त्याच चित्रपटाची दुर्मिळ दृश्यं'.

चित्रातल्या दाव्याची कुणी तपासणी करत नाही. निवेदन लोक कान देऊन ऐकतात, पण पडद्यावर जुनं, ओरखडे पडलेलं काळं-पांढरं चित्र आलं की मन आपसूक मान डोलावतं. आमच्या संकलकानेही ती दृश्यं कुठल्याशा व्हिडिओतून उतरवून घेतली होती, आणि त्या व्हिडिओवर मोठ्या अक्षरात '१९१३' होतं. ते कुणी लिहिलं? व्हिडिओ चढवणाऱ्याने.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं जपलेली आहेत. मूळ चित्रपट चार रिळांचा होता. जगभर फिरणारी दृश्यं यातलीच. पण फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रणाची आहेत असं काही चित्रपट इतिहासकारांचं मत आहे. त्यात आणखी एक खड्डा. त्याच १९१७ मध्ये कलकत्त्याच्या मादन कंपनीने 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' काढला, त्याचे दिग्दर्शक रुस्तमजी धोतीवाला. इंटरनेटवर या चित्रपटाची आणि फाळक्यांच्या दुसऱ्या 'हरिश्चंद्र'ची माहिती इतकी एकमेकांत मिसळली आहे, की एकाची तारीख दुसऱ्याला चिकटलेली सर्रास दिसते. त्यामुळे तारखांपासून आम्ही लांब राहिलो. नुसतं साल घेतलं.

तक्त्यात ही ओळ भरताना लेखक थांबला. "दादा, १९१७ ला फाळके कुठे होते?"

नाशिकला.

१९१७ मध्ये फाळक्यांचा मुक्कामही नाशिकला होता आणि स्टुडिओही. 'लंका दहन' त्याच वर्षीचा. पुढच्या वर्षी त्यांनी भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, तीही नाशिकला. म्हणजे काकांची आत्या, मानमोडीच्या आधी, 'हरिश्चंद्र', नाशिक, हे सगळं एका चौकटीत बसत होतं. आजोबांनी ठोकलेला 'हरिश्चंद्र' दुसरा असू शकत होता. आईने बॉलपेनने लिहिलं ते चूक नसेल. तिने साल लिहिलं नाही आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे १९१३ वाचलं.

आणि रिळांबद्दलचं ते मत खरं असेल, तर आज सगळं जग 'पहिला भारतीय चित्रपट' म्हणून जे पाहतं, ते प्रत्यक्षात नाशिकला चित्रित झालेलं असू शकतं. देणगीदारांना हवं होतं त्याहून हे मोठं होतं. फक्त 'असेल तर' या दोन शब्दांसकट.

मिनिटांकडे येतो. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे पुस्तक नाही, पेन्सिल लागली.

'चाळीस मिनिटं' सगळीकडे. लांबीही सगळीकडे: ३,७०० फूट. दोन्ही आकडे एकाच वाक्यात येतात आणि कुणी एकाचा दुसऱ्याशी हिशेब लावत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रं. आता वेग. आजचा प्रोजेक्टर सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. भागाकार केला तर ४१ मिनिटं. मिळालं चाळीसाचं मूळ! पण सेकंदाला २४ हा वेग बोलपटांबरोबर, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. फाळक्यांचा कॅमेरा हाताने फिरवायचा. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रं, ही त्या काळची सर्वसाधारण चाल. त्या वेगाने ५९,२०० चित्रं दाखवायला बासष्ट मिनिटांच्या आसपास लागतात. १९१३ चा प्रेक्षक बहुधा तासभर बसला होता.

'बहुधा' एवढ्यासाठी, की प्रोजेक्टरही हातानेच चालायचा आणि चालवणारा घाईत असला तर खेळ लवकर आटपायचा. त्यामुळे 'बासष्ट मिनिटं' हा आकडा निवेदनात देणं म्हणजे एक खोटी अचूकता काढून दुसरी बसवणं. 'तासाभराचा' पुरे.

हिशेब बरोबर आहे का, हे पाहायला एक स्वतंत्र साक्षीदारही सापडला, तोही जाहिरातीतला. सुरतच्या खेळाची म्हणून एक जाहिरात चित्रपटाच्या इतिहासांत वारंवार दिली जाते: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत. जाहिरातवाला थापा मारणारच, म्हणून आधी मी ती बाजूला ठेवली होती. मग सहज गुणून पाहिलं. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट. थाप. पण ५७,००० छायाचित्रं भागिले १६ म्हणजे सुमारे ३,५६० फूट. ३,७०० च्या अगदी शेजारी! तिकीट विकणाऱ्या माणसाने मैल फुगवले, पण चित्रांचा आकडा कुणीतरी खरोखर हिशेब करून दिला असावा. एकाच जाहिरातीत एक आकडा टाकाऊ आणि दुसरा कामाचा. साक्षीदाराला 'विश्वासू' किंवा 'अविश्वासू' असा एकदाच शिक्का मारून चालत नाही, वाक्यागणिक विचारावं लागतं. मूळ अंक मात्र आमच्या हाती नव्हता, म्हणून ती 'सांगितली जाणारी' जाहिरात म्हणूनच आली.

संकलकाला याचा वेगळाच फायदा झाला. त्याच्याकडच्या दृश्यांत माणसं टुणटुण उड्या मारत चालत होती. ते 'जुन्या सिनेमाचं' लक्षण नाही, सोळाच्या चालीचं चित्रण चोवीसने दाखवल्याचं लक्षण आहे. वेग दोन तृतीयांश केल्यावर हरिश्चंद्र राजासारखा चालायला लागला.

'लोक थक्क झाले' हे वाक्य काढून टाकलं. कोण थक्क झाले, कुणी लिहून ठेवलं, काही नाही. असली वाक्यं प्रत्येक माहितीपटात कुठेही बसतात, म्हणूनच ती सुचतात.

पुढे संहितेत एक अवतरण होतं. फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहतात आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहतात, तो प्रसिद्ध प्रसंग. लेखकाने ते शब्द अवतरणचिन्हांत घातले होते, पण मराठी विचित्र होतं, 'माझ्या मनाच्या डोळ्यांसमोर' वगैरे. फाळके असं लिहिणार नाहीत. विचारलं तेव्हा कळलं, की त्याने इंग्रजी पुस्तकातून अनुवाद केला. म्हणजे फाळक्यांनी 'नवयुग'मध्ये मराठीत लिहिलं, कुणी त्याचं इंग्रजी केलं, आणि आमच्या मुलाने त्याचं पुन्हा मराठी करून फाळक्यांच्या तोंडी घातलं. अर्थ तोच राहिला, पण शब्द आता फाळक्यांचे नव्हते. मराठी माणसाबद्दल मराठीत काम करताना हा सापळा सगळीकडे पेरलेला असतो. मूळ मराठी समोर असल्याशिवाय अवतरणचिन्ह नाही, असा नियम केला. मूळ मजकुरासाठी सार्वजनिक वाचनालयात चकरा सुरू केल्या. तोवर संहितेत अप्रत्यक्ष वाक्य: 'फाळक्यांनी पुढे लिहिलं, की तो चित्रपट पाहताना त्यांना राम-कृष्ण दिसू लागले होते.' प्रसंगाचं सालही कुठे १९१० चा नाताळ, कुठे १९११ चा ईस्टर असं येतं. कथेला त्याने फरक पडत नव्हता, म्हणून '१९१०-११ च्या सुमारास' म्हणून पुढे गेलो. प्रत्येक वाद प्रेक्षकाच्या गळ्यात घालायचा नसतो.

आता हे सगळं बोलायचं कसं? लेखकाने पहिला प्रयत्न केला तो असा:

«राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहातील आणि काही इतिहासकारांच्या मते १९१७ च्या, परंतु अन्य मतानुसार १९१३ च्या, या दृश्यांमध्ये, उपलब्ध माहितीनुसार...»

ताई दोन ओळी वाचून थांबल्या. "अरे, हे निवेदन आहे की प्रतिज्ञापत्र? मला श्वास घ्यायला जागा नाही आणि ऐकणाऱ्याला वाक्याचा कर्ता सापडत नाही."

त्यांचं बरोबर होतं. वाचणारा डोळा मागे जाऊ शकतो, कान जात नाही. त्यामुळे आधार वाक्याच्या पोटात कोंबला की वाक्यच बुडतं. आम्ही ताईंना बसवून मोठ्याने वाचत वाचत बदल केले, आणि करता करता तीन गोष्टी हाताला लागल्या. एक, ज्याबद्दल वाद नाही तिथे आधार बोलूच नये. जाहीर खेळाची तारीख सरळ सांगावी, जुन्या कागदाचं चित्र असेल तर पडद्यावर दाखवावं, आवाजाने ते पुन्हा म्हणू नये. दुसरं, जिथे शंका आहे तिथे आधाराला वाक्याचा कर्ता करावं आणि आधी आणावं. 'फाळक्यांनी लिहिलं', 'पंचवटीतलं एक घर सांगतं'. 'एका संशोधनानुसार' नाही, कारण त्या वाक्यात माणूसच नाही. तिसरं म्हणजे शंका एकदाच, स्पष्ट, स्वतंत्र वाक्यात सांगावी. पुढच्या प्रत्येक क्रियापदाला 'असं म्हणतात'ची शेपूट लावली, की प्रेक्षकाला वाटतं यांना काहीच ठाऊक नाही.

शेवटी ध्वनिमुद्रण झालं ते असं:

«पडद्यावर राजा हरिश्चंद्र आहे. हे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलं आहे. फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा दोनदा चित्रित केली. पहिल्यांदा मुंबईत. तो १९१३ चा, पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट, तासाभराचा. दुसऱ्यांदा १९१७ मध्ये. तेव्हा ते नाशिकला राहत होते. उरलेलं हे रीळ कोणत्या हरिश्चंद्राचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुसऱ्याचं असेल, तर तुम्ही आत्ता जे पाहताय, ते नाशिक असू शकतं.»

ताईंच्या चालीने, म्हणजे मिनिटाला साधारण ११० शब्दांनी, हे मूळ परिच्छेदापेक्षा दहा-बारा सेकंद जास्त झालं. संकलकाने कुरकुर केली. 'ते नाशिक असू शकतं' यानंतर त्याने स्वतःहून दोन सेकंद शांतता सोडली, तेव्हा मी ती कुरकुर मनावर घेतली नाही.

देणगीदारांची बैठक मात्र सोपी गेली नाही. एकांचं म्हणणं, "मुंबईत असं सुरुवातीलाच का सांगायचं? नंतर कुठेतरी सांगा." मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो उघडलाही नाही. त्यांना पटलं ते शेवटचं वाक्य ऐकून, तक्ता पाहून नव्हे. हे मला थोडं टोचलं, पण काम झालं.

जाहिरातीचा तुकडा चौथ्या मिनिटाला आला: «सुरतच्या खेळाची म्हणून एक जाहिरात सांगितली जाते. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांब, फक्त तीन आणे. मैल फुगवलेले आहेत. छायाचित्रांचा आकडा मात्र फिल्मच्या लांबीशी जुळतो.» ताईंनी 'मैल फुगवलेले आहेत' हे इतक्या सहज, किंचित हसून म्हटलं, की पहिल्या चाचणीला लोकही हसले. बढाई आपणच पकडून दाखवली, की पुढच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात, हे त्या हसण्यावरून कळलं.

उरला काकांचा फोटो. लेखकाला तो सुरुवातीलाच, हरिश्चंद्राच्या रिळाशेजारी टाकायचा होता. मी नाही म्हटलं. शेजारी ठेवलं की डोळा दोन्ही जोडतो, मग निवेदन काहीही म्हणो. मुकुटवाला माणूस रिळातलाच नट आहे का, हे आम्ही चेहरे लावून पाहिलं. काकांच्या फोटोत नाक आणि कपाळ एवढंच धड दिसतं. काही ठरवता आलं नाही. म्हणून तो अकराव्या मिनिटाला, नाशिकमधल्या कामगारांच्या भागात आला, या वाक्यासह: «पंचवटीतल्या एका घरात हा फोटो आहे. मागे सुनेने नंतर लिहून ठेवलंय: हरिश्चंद्र, नाशिक. साल तिने लिहिलेलं नाही.»

जयंतीच्या आदल्या दिवशी काकांना त्यांच्याच घरी लॅपटॉपवर दाखवलं. सुरुवातीला ते काही बोलले नाहीत. फोटो आला तेव्हा मात्र हात वर करून थांबायला सांगितलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या फळीवर बोट ठेवलं. "आजोबा आणखी मोठे करता येतील का हो?"

संकलकाने केले. नुसते दाणे दिसले.

तक्त्यात ती ओळ अजून पिवळीच आहे.